मिसळीवर वाफ, शेकोटीला आग, अंजनेरीवर ढग: फोटोशॉपमधल्या ब्लेंड इफ स्लायडरचे मार्गदर्शन

मिसळीची प्लेट सजवून, शेव भुरभुरून, लिंबाची फोड नीट ठेवून कॅमेऱ्यासमोर येईपर्यंत तिची वाफ गेलेली असते. मग हॉटेलवाले फोटो बघून म्हणतात, "गरम वाटत नाही." नाशकात मेनूकार्ड, फ्लेक्स किंवा इन्स्टाग्रामच्या पोस्ट करणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. वाफेचे चित्र काळ्या पार्श्वभूमीवर तयार मिळते. प्रश्न उरतो तो काळा भाग घालवायचा कसा.

मॅजिक वाँडने काळे निवडून डिलीट केले की वाफ कात्रीने कापल्यासारखी दिसते, कारण वाफेला कड नसते. ती हळूहळू काळ्यात विरत जाते. अशा विरणाऱ्या गोष्टीसाठी फोटोशॉपमध्ये ब्लेंड इफ नावाचे दोन स्लायडर आहेत. ते सिलेक्शन करत नाहीत. प्रत्येक पिक्सेल किती उजळ आहे हे बघून तो दाखवायचा, लपवायचा की अर्धवट दाखवायचा एवढेच ते ठरवतात. खाली मिसळीवर वाफ बसवण्याचे एक काम पूर्ण करून दाखवले आहे. आग, काळा धूर आणि ढग यांत पद्धत तीच राहते, पण काही गोष्टी बदलतात. त्या नंतर येतात.

सुरुवातीला काय हवे

- फोटोशॉप. ब्लेंड इफ ही फार जुनी सोय आहे, त्यामुळे जुनी आवृत्ती असली तरी चालते. फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्येही हेच स्लायडर आहेत.
- मूळ फोटो. इथे मिसळीची प्लेट, मागे गडद लाकडी टेबल.
- काळ्या पार्श्वभूमीवरचे वाफेचे चित्र, मूळ फोटोइतके किंवा त्याहून मोठे. व्हॉट्सॲपवरून आलेले नको. त्यातला काळा रंग चौकोनी ठिपक्यांनी भरलेला असतो आणि पुढे तेच ठिपके छळतात.
- दोन्ही फाइल आरजीबी मोडमध्ये. सीएमवायकेमध्ये रूपांतर अगदी शेवटी करायचे. त्याचे कारण शेवटच्या पायरीत आहे.

१. आधी काळा रंग मोजून घ्या

बहुतेक जण थेट स्लायडर ओढायला लागतात आणि अंदाजाने थांबतात. दोन मिनिटे मोजमापाला दिली तर पुढचा अर्धा तास वाचतो.

वाफेचे चित्र उघडा आणि F8 दाबून इन्फो पॅनेल काढा. आयड्रॉपर घ्या आणि वरच्या पट्टीत Sample Size मध्ये 5 by 5 Average निवडा, म्हणजे एखाद्या चुकार पिक्सेलवरून आकडा ठरणार नाही. आता चित्रात तीन ठिकाणी नुसता माउस न्या. पहिले ठिकाण म्हणजे चारही कोपरे, जिथे वाफ अजिबात नाही. दुसरे, जिथे वाफ जेमतेम दिसते आहे. तिसरे, वाफेचा सगळ्यात दाट पट्टा.

आपल्या उदाहरणात डाव्या कोपऱ्यात लाल, हिरवा, निळा तिन्ही १४ च्या आसपास आहेत, उजव्या कोपऱ्यात २२. पातळ वाफ ४५ ते ६०, दाट वाफ १७० ते २१०. डोळ्यांना दोन्ही कोपरे सारखेच काळे दिसतात, पण उजवा खरा काळा नाही. वाफ दिसावी म्हणून बाजूने दिवा लावलेला असतो आणि त्याचा थोडा उजेड मागच्या काळ्या कापडावर पडतोच. खरा काळा म्हणजे शून्य. फोटो काढून केलेल्या अशा चित्रांमध्ये शून्य क्वचितच सापडते. तीन आकडे कागदावर लिहून ठेवा: २२, ५०, १९०.

२. चित्र फाइलमध्ये आणा आणि मोड आधी ठरवा

मिसळीची फाइल उघडून File > Place Embedded ने वाफेचे चित्र आणा. ते स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून येते, त्यामुळे पुन्हा पुन्हा लहानमोठे केले तरी खराब होत नाही. ब्लेंड इफ त्यावर चालते.

आता लेयर पॅनेलमध्ये मोड Normal वरून Screen करा. काळा भाग बराचसा गायब होईल आणि इथेच बरेच जण काम झाले असे समजतात. नीट बघा. वाफेच्या चित्राची चौकट अजून फिकट दिसत असेल, उजवीकडे जास्तच.

ती का दिसते, हे आकड्यांतून लगेच कळते. स्क्रीन मोडचे सूत्र असे आहे:

```
result = 255 - (255 - a) * (255 - b) / 255
```

टेबलाचा गडद भाग ४० आहे असे धरा. त्यावर खरा काळा, म्हणजे ०, ठेवला तर उत्तर ४० च येते. पण आपला उजवा कोपरा २२ आहे. सूत्रात घातले तर उत्तर सुमारे ५८ येते. म्हणजे जिथे काहीच दिसायला नको तिथे टेबल १८ आकड्यांनी उजळले. हीच ती चौकट. स्क्रीन मोडने वाफ छान बसते, पण अर्धवट काळा तो पुसत नाही. तो पुसण्याचे काम ब्लेंड इफकडे द्यायचे. दोघे मिळून काम करतात, एकाऐवजी दुसरा असे नाही.

वाफ कुठे ठेवायची, हेही याच टप्प्यावर ठरवा. स्क्रीन फक्त उजळ करू शकतो. दह्याची वाटी २३५ असेल आणि तिच्यावर ६० ची वाफ आली तर उत्तर २४० येते. पाच आकड्यांचा फरक कुणाच्याही डोळ्याला दिसत नाही. काळ्या रश्श्यावर, गडद टेबलावर वाफ दिसते, पापडावर आणि पावावर नाही. त्यामुळे वाफेचा दाट पट्टा रश्श्याच्या वाटीतून उठून मागच्या गडद भागाकडे जाईल असा वळवा. मागची भिंतच पांढरी असेल तर आधी ती गडद करा, नाहीतर वेगळा फोटो मागा. स्लायडरने ते सुटणार नाही.

३. खिडकी उघडा, त्रिकोण ओळखा

लेयरच्या नावाच्या उजवीकडच्या रिकाम्या जागेवर डबल-क्लिक करा. नावावर केले तर नाव बदलायला उघडते, स्मार्ट ऑब्जेक्टच्या थंबनेलवर केले तर आतली फाइल वेगळी उघडते. Layer Style ची खिडकी येते आणि डावीकडे Blending Options निवडलेले असते. तळाशी Blend If दिसेल.

तिथे दोन राखाडी पट्ट्या आहेत. वरची This Layer, म्हणजे ज्या लेयरवर आपण आहोत तीच, इथे वाफ. खालची Underlying Layer. ही म्हणजे फक्त लगतची एक लेयर नव्हे, तर खाली असलेल्या सगळ्या लेयरची मिळून दिसणारी प्रतिमा. प्रत्येक पट्टीला डावीकडे काळा त्रिकोण आहे, उजवीकडे पांढरा. पट्टी ० पासून २५५ पर्यंत.

काळा त्रिकोण उजवीकडे नेला की त्याच्या डावीकडचे सगळे, म्हणजे त्याहून गडद पिक्सेल लपतात. पांढरा त्रिकोण डावीकडे आणला की त्याहून उजळ पिक्सेल लपतात. काळी पार्श्वभूमी घालवायची तर काळा त्रिकोण, पांढरी घालवायची तर पांढरा. सुरुवातीला हटकून होणारी चूक म्हणजे खालची पट्टी ओढणे. तसे केले की उजळ भागांवर वाफेची चौकट तशीच राहते आणि मिसळीच्या गडद भागांवरून वाफ गायब होऊन भलतेच भोके पडलेले चित्र दिसते. असे दिसले तर समजा पट्टी चुकली.

आता वरच्या पट्टीचा काळा त्रिकोण २४ वर आणा. आपला सगळ्यात उजळ काळा २२ होता, त्याच्या दोन पुढे. चौकट गेली. पण १०० टक्के झूम करून वाफेची कड बघा. ती कुरतडल्यासारखी झाली असेल, कारण २३ चा पिक्सेल पूर्ण लपला आणि त्याला चिकटलेला २५ चा पूर्ण दिसतो आहे. पुढची पायरी यासाठीच आहे.

४. त्रिकोण फोडा

Alt दाबून धरा, मॅकवर Option, आणि काळ्या त्रिकोणाचा उजवा अर्धा भाग पकडून उजवीकडे ओढा. त्रिकोणाचे दोन तुकडे होतात आणि वर आकडे 24 / 90 असे दिसू लागतात. आकडे टाइप करता येत नाहीत, ओढूनच आणावे लागतात.

याचा अर्थ असा. २४ आणि त्याहून गडद ते पूर्ण लपलेले. ९० आणि त्याहून उजळ ते पूर्ण दिसणारे. मधले सगळे प्रमाणात. ५७ हा बरोबर मधोमध आहे, म्हणून ५७ चा पिक्सेल अर्धा दिसतो. वाफेची पातळ कड ४५ ते ६० होती, म्हणजे ती आता साधारण एक तृतीयांशापासून अर्ध्यापर्यंत दिसते आहे आणि हळूच विरते आहे.

डावा तुकडा मोजलेल्या काळ्यावरून ठरतो, त्यात चवीचा भाग नाही. उजवा तुकडा मात्र डोळ्याने ठरवायचा. तो २४ च्या जवळ, समजा ३४ वर ठेवला तर कड पुन्हा कुरतडते, आणि जेपेग फाइल असेल तर आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन कडेला उघडे पडतात, कारण जेपेग चित्र तेवढ्या तुकड्यांतच दाबते. उलट तो २०० पर्यंत नेला तर पातळ वाफ जवळजवळ जाते आणि दाट पट्टा कापसाच्या बोळ्यासारखा हवेत लटकतो. वाफेसाठी ८० ते ११० मध्ये बहुतेक वेळा काम होते. आधी फार पुढे नेऊन मग मागे आणा. कुठे वाफ परत श्वास घ्यायला लागते ते असे लवकर सापडते.

त्रिकोण पुन्हा एक करायचा असेल तर एक तुकडा दुसऱ्याला भिडेपर्यंत ओढा. OK केल्यावरही आकडे लेयरमध्येच राहतात. पिक्सेल एकही पुसलेला नाही, कधीही डबल-क्लिक करून बदलता येते. शेवटी लेयरची अपारदर्शकता ६० ते ७५ टक्क्यांवर आणा. पूर्ण वाफ ठेवली की मिसळ शिजते आहे असे वाटते, वाढलेली वाटत नाही.

५. चौकट उरली आहे का, हे ताणून बघा

संगणकाच्या स्क्रीनवर न दिसणारी चौकट मोठ्या फ्लेक्सवर किंवा मोबाइलच्या पूर्ण ब्राइटनेसवर दिसते. म्हणून ती शोधून काढायची.

वाफेच्या लेयरखाली तात्पुरती पूर्ण काळी Solid Color लेयर टाका, म्हणजे मिसळ झाकली जाईल. सगळ्यात वर एक Levels ॲडजस्टमेंट लेयर घ्या आणि तिचा उजवीकडचा पांढरा स्लायडर २५५ वरून ६० वर आणा. वाफ भडक पांढरी होईल, तिकडे बघू नका. कोपऱ्यांकडे आणि कडांकडे बघा. एखादी सरळ रेषा किंवा राखाडी डाग दिसला तर तिथे अजून काळा उरला आहे. निसर्गात वाफेला सरळ कड नसते, त्यामुळे सरळ रेषा दिसली म्हणजे चौकटच.

चारही बाजूंना उरली असेल तर डावा तुकडा तीन-चार आकड्यांनी वाढवा. एकाच कोपऱ्यात उरली असेल तर स्लायडरला हात लावू नका. एका कोपऱ्यासाठी सगळीकडची पातळ वाफ मारली जाते. त्याऐवजी वाफेच्या लेयरला मास्क लावून मोठ्या मऊ काळ्या ब्रशने तो कोपरा पुसा. मास्क आणि ब्लेंड इफ एकत्र चालतात. तपासणी झाली की दोन्ही तात्पुरत्या लेयर डिलीट करा. त्या राहून गेल्या तर काय होईल ते सांगायला नको.

६. कड मळकट दिसत असेल तर

कधी Screen चालत नाही. मागे उजळ आकाश आहे आणि राखाडी धूर हवा आहे, मग Normal मोड ठेवून नुसत्या ब्लेंड इफवर काळे घालवावे लागते. तेव्हा धुराच्या कडेला काळपट, धुरकट किनार दिसते आणि स्लायडर कितीही हलवला तरी ती पूर्ण जात नाही.

कारण असे की ब्लेंड इफ पिक्सेल पारदर्शक करतो, त्याचा रंग बदलत नाही. पातळ धूर काळ्यावर टिपला आहे, त्यामुळे त्याच्या रंगात काळा मिसळलेलाच आहे. आपला ५७ चा पिक्सेल घ्या. खाली १२० चा मध्यम राखाडी आहे. Normal मध्ये अर्धा ५७ आणि अर्धा १२० मिळून सुमारे ८८ होतात. म्हणजे धुराच्या कडेने चित्र उजळण्याऐवजी काळवंडले. हाच पिक्सेल Screen मध्ये अर्धा दाखवला तर सुमारे १३५ होतो आणि किनार उरत नाही. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवरच्या चित्राला जिथे शक्य तिथे Screen, ही सवय ठेवा.

Normal च हवा असेल तर वाट अशी. धुराच्या लेयरखाली नवी रिकामी लेयर घ्या, दोन्ही निवडून Ctrl + E ने एकत्र करा. ब्लेंड इफने ठरवलेली पारदर्शकता आता पिक्सेलमध्ये पक्की झाली. मग Layer > Matting > Remove Black Matte करा. हा आदेश अर्धपारदर्शक पिक्सेलमध्ये मिसळलेला काळा वजा करतो आणि किनार उजळते. हे केल्यावर स्लायडर मागे घेता येत नाहीत, म्हणून आधी मूळ लेयरची प्रत काढून, डोळा बंद करून ठेवा.

७. आग: Gray सोडा, Red धरा

निफाडकडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवतात. अशा फोटोत ज्वाळा कमी पडल्या म्हणून वरून घालायच्या असतील तर वाफेचीच पद्धत, Screen आणि काळा त्रिकोण. पण एक फरक मोठा आहे. (जाहिरातीसाठी किंवा पोस्टरसाठी म्हणतो आहे. बातमीच्या फोटोत ज्वाळा वाढवणे म्हणजे खोटी बातमी देणे.)

Blend If समोरच्या यादीत Gray असते. Gray तिन्ही रंगांना सारखे मोजत नाही. साधारण ३० टक्के लाल, ५९ टक्के हिरवा आणि ११ टक्के निळा असा तो हिशेब करतो. ज्वाळेच्या टोकाचा गडद लाल रंग घ्या: लाल ८०, हिरवा १०, निळा ४. डोळ्याला तो स्पष्ट आग वाटतो, पण Gray च्या हिशेबात तो जेमतेम ३० भरतो. स्लायडर 20 / 60 असेल तर तो पाव भागच दिसेल. म्हणजे ज्वाळांची लाल टोके निघून जातात, उरतो फक्त पिवळा गाभा, आणि आग कागदाची कापून चिकटवल्यासारखी दिसते.

यादीत Red निवडा. याच पिक्सेलचा लाल ८० आहे आणि मागच्या काळ्याचा लाल १२ च्या आसपास. तेच 20 / 60 आता Red वर लावले तर काळा पूर्ण जातो आणि लाल टोक पूर्ण राहते. Gray वर आधी काही हलवले असेल तर ते परत ० वर आणा. वेगवेगळ्या चॅनेलचे स्लायडर एकत्र लागू होतात, आणि कुठल्याही एकाने लपवलेला पिक्सेल लपलेलाच राहतो. "Red नीट लावले तरी टोके येत नाहीत" या तक्रारीचे कारण दहापैकी नऊ वेळा Gray मध्ये विसरलेला आकडा हेच असते.

गॅसच्या शेगडीची निळी ज्योत याला अपवाद. तिच्यात लाल फार कमी असतो, त्यामुळे Red वर ती पुसली जाईल. तिथे Blue घ्या. लाकडाची आग, मशाल, कापूर, पणती यांना Red.

८. पांढऱ्या कागदावरचा काळा धूर

हे थोडक्यात, कारण सगळे उलटे केले की झाले. मोड Multiply. पार्श्वभूमी मोजा. कागद पांढरा दिसला तरी तो २५५ नसून २४० ते २४८ असतो. Multiply मध्ये २०० च्या आकाशावर २४० चा कागद आला की ते १८८ होते, म्हणजे मळकट चौकट. वरच्या पट्टीचा पांढरा त्रिकोण डावीकडे आणा आणि Alt दाबून फोडा. डावा तुकडा २०५, उजवा २३८ हे सुरुवातीला ठीक. आता २३८ च्या पुढचे लपले, २०५ च्या खालचे पूर्ण दिसतात. कागदाचा एखादा कोपरा २३८ पेक्षा गडद असेल तर त्याच्या खाली उतरा. तपासताना काळ्याऐवजी पांढरी लेयर खाली ठेवा आणि Levels चा डावीकडचा काळा स्लायडर २०० वर आणा.

९. अंजनेरीवर ढग: दोन पट्ट्या, दोन चॅनेल

पाऊस संपल्यानंतरचा अंजनेरीचा फोटो. आकाश निळे आणि कोरे. त्यात निळ्या आकाशातलेच पांढरे ढग आणायचे आहेत. इथे घालवायचे ते काळे किंवा पांढरे नसून ढगांमागचे निळे आहे, आणि शिवाय ढग डोंगराच्या मागे जायला हवेत. ब्लेंड इफ दोन्ही करतो, फक्त योग्य चॅनेल शोधावे लागते.

ढगाच्या चित्रात मोजा. ढग २३५, २३८, २४०. मागचे आकाश ७०, १२०, १९०. निळ्यात दोघांचा फरक ५० च आहे, लालमध्ये १६५. जिथे फरक मोठा तिथे कापायला जागा मोठी, म्हणून Red. मोड Normal ठेवा, This Layer चा काळा त्रिकोण 95 / 190 वर फोडा. निळे गेले, ढग राहिले. कडेला थोडा निळसरपणा राहतो, पण खालचेही आकाश निळेच आहे म्हणून तो खपून जातो. खालचे आकाश धुरकट पांढरे असेल तर तो डोळ्यात येतो. तेव्हा आधी सहाव्या पायरीसारखी लेयर पक्की करा आणि मग सॅच्युरेशन कमी करा. आधी केले तर लालचे आकडेच बदलतात आणि स्लायडरचा हिशेब बिघडतो.

आता डोंगर. अंजनेरीच्या फोटोत मोजा. आकाश ९०, १५०, २१०. झाडी ९५, ९०, ६०. उन्हातला कातळ १९०, १६५, १२०. Gray च्या हिशेबात आकाश १३९ भरते, झाडी ८८ आणि कातळ १६७. म्हणजे Gray वर कातळ आकाशापेक्षा उजळ! Gray वर Underlying Layer लावले तर झाडीवरचे ढग नाहीसे होतील, पण कातळावर ठिगळासारखे चिकटून राहतील. निळ्यात बघा: आकाश २१०, कातळ १२०, झाडी ६०. क्रम सरळ झाला. म्हणून यादीत Blue निवडा आणि खालच्या पट्टीचा, म्हणजे Underlying Layer चा काळा त्रिकोण 130 / 180 वर फोडा. Red मध्ये लावलेले तसेच राहते, यादी बदलल्याने ते पुसले जात नाही. ढग आता आकाशातच उरतात आणि कड्याच्या मागे जातात.

पांढरी वस्तू मात्र तिन्ही चॅनेलमध्ये उजळ असते. फोटोत पांढऱ्या रंगाचे देऊळ किंवा चुना लावलेली भिंत असेल तर तिच्यावर ढग येणारच. तेवढा भाग मास्कवर काळ्या ब्रशने पुसा, त्यासाठी स्लायडर हलवू नका. आणि हे सगळे आकडे खालच्या प्रतिमेवर उभे आहेत हे लक्षात ठेवा. नंतर खाली एखादी Curves लेयर टाकून डोंगर उजळला तर ढग पुन्हा डोंगरावर उतरतात. मूळ फोटोची रंगदुरुस्ती आधी, ढग नंतर.

१०. छपाईला देण्याआधी

ब्लेंड इफ लावलेल्या लेयरला ड्रॉप शॅडो किंवा ग्लो देऊ नका. थंबनेलवर Ctrl धरून क्लिक केले तरी पूर्ण चौकट निवडली जाते, कारण लपवलेले पिक्सेल फोटोशॉपच्या दृष्टीने अजून तिथेच आहेत. असा इफेक्ट वाफेभोवती न पडता चौकटीभोवती पडतो. इफेक्ट हवाच असेल तर आधी रिकाम्या लेयरबरोबर Ctrl + E करून पारदर्शकता पक्की करा आणि मोड पुन्हा Screen निवडा, कारण एकत्र करताना तो Normal होतो. Underlying Layer वापरलेल्या ढगांना ही युक्ती लावू नका, त्यांची पारदर्शकता खालच्या फोटोवर अवलंबून आहे.

फ्लेक्सवाल्याने सीएमवायके मागितले तर लेयर असलेली फाइल थेट Image > Mode > CMYK Color करू नका. आपले आकडे Red आणि Blue वर लावलेले आहेत आणि सीएमवायकेमध्ये ते चॅनेलच नाहीत. आधी Image > Duplicate करा, तिथे Duplicate Merged Layers Only ला टिक द्या. एका लेयरची सपाट प्रत मिळते. ती प्रत सीएमवायके करून पाठवा आणि लेयर असलेली पीएसडी आरजीबीमध्येच आपल्याजवळ ठेवा. "वाफ जरा कमी करा" असा फोन येतोच, तेव्हा तीच उघडून अपारदर्शकता ७० वरून ५० करायची असते.